ओजसची यादी: नागपूर ते आखेन, 27 सप्टेंबर

ओजस, वस्तू बॅगेत गेली की मगच टिक कर. "ठेवतो नं ताई" याला टिक नाही.

निळं फोल्डर (पाठीवरच्या सॅकमध्ये. मोठ्या बॅगेत एकही मूळ कागद नको)

☐ पासपोर्ट. व्हिसाच्या पानावर नाव, जन्मतारीख आणि व्हिसा कोणत्या तारखेपासून लागू आहे ते आजच बघ
☐ तिकीट. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर आहे, म्हणून नागपूरच्या काउंटरवरच टॅगवर FRA छापलंय ना ते वाच. इमिग्रेशन मुंबईला
☐ विद्यापीठाचं प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र, एपीएस प्रमाणपत्र
☐ प्रवास विमा आणि तिथल्या आरोग्य विम्याचं पत्र, दोन्ही
☐ डिग्री, सगळ्या मार्कशीट, जन्मदाखला
☐ खोलीचा करार. राहायला गेल्यापासून 14 दिवसांत पत्त्याची नोंदणी करायची असते, तेव्हा लागेल
☐ 35 बाय 45 मिमीचे सहा फोटो, फॉरेक्स कार्ड, 300 युरो रोख
☐ निळं पेन

झेरॉक्सचा एक संच मोठ्या बॅगेत, एक आईच्या कपाटात. स्कॅन फोनमध्येच उतरवून ठेव, नेट नसलं तरी उघडले पाहिजेत.

सॅकमध्येच

☐ पॉवर बँक. मी माझी चेक-इन बॅगेत टाकली होती. नाव पुकारलं, सगळ्यांसमोर बॅग उघडावी लागली आणि आईने घडी घातलेलं सगळं विस्कटलं. तू सॅकच्या पुढच्या कप्प्यात ठेव
☐ लॅपटॉप, चार्जर, चष्म्याची जास्तीची जोडी
☐ रोजच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी
☐ पेस्ट, क्रीम: 100 मिलीच्या आतली, पारदर्शक पिशवीत
☐ एक शर्ट, आतले कपडे, मोजे. बॅग उशिरा आली तर

मोठ्या बॅगा (23 किलोच्या दोन. घरी 22 वरच थांबायचं)

☐ थर्मलचे दोन जोड. जाड जॅकेट अंगावर घाल, वजन वाचतं
☐ छोटा कुकर, दोन चमचे, चाकू (चाकू इथेच, सॅकमध्ये नाही)
☐ तीन पिनांचे प्लग चालणार नाहीत, दोन अडॅप्टर घे
☐ सावजी मसाला, तिखट, हळद, तूरडाळ. प्रत्येक पुडी दुहेरी पिशवीत, तेल सुटतं

आईला मी समजावते, पण तूही सांग: संत्रा बर्फी, पेढे, तूप न्यायचं नाही. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. कढीपत्ता आणि संत्रीही नाही. तिने बर्फी आणून ठेवलीच आहे, ती निघायच्या आधी सगळ्यांनी मिळून घरी खाऊ. तिला वाईट वाटू देऊ नकोस.

निघताना

विमान संध्याकाळी 6:10 ला, 3:30 ला सोनेगावला पोचायचं. कागदावर हाताने लिही: आईचा नंबर, माझा नंबर, आखेनच्या खोलीचा पत्ता. तो कागद पँटच्या खिशात. फोन बंद पडला तर तेवढा पुरे.