148 की 161?

वसंतबाब डिचोलीच्या मामलेदार कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात मामलेदार म्हणाले होते की जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर वसंतबाबांनी क्षेत्रफळ उतरवलं की ते पुन्हा तपासावं लागत नाही. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ यापेक्षा त्यांना हे वाक्य जास्त आवडलं. घरी येऊन त्यांनी ते सुमनताईंना दोनदा ऐकवलं.

साखर सापडली ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन सकाळ-संध्याकाळ लिहून दिली, चालायला सांगितलं आणि उठता उठता म्हणाले, "घरी मशीन ठेवलंत तरी चालेल. आठवड्यातून एक-दोनदा उपाशीपोटी बघायचं." वसंतबाबांनी त्यातलं मशीन तेवढं घरी आणलं. आठवडा डॉक्टरांच्या टेबलावरच राहिला.

मशीनबरोबर त्यांनी एक लांबट रजिस्टरही आणलं. लाल शाईने रकाने आखले: दिनांक, वेळ, आकडा, शेरा. पहिले काही दिवस सगळं नियमात चाललं. सकाळी उपाशीपोटी 128, शेरा 'ठीक'. मग त्यांना वाटलं, चहानंतर किती होते ते पाहायला काय हरकत आहे? चहानंतर पाहिलं तर जेवणाआधीचा आकडा नको का? आणि जेवणाआधीचा असला की नंतरचाही लागतोच, नाहीतर ताळा जुळायचा कसा. कचेरीत अर्धवट नोंद त्यांनी कुणाची चालवून घेतली नव्हती.

एका सकाळी 148 आला. मनाला पटला नाही, म्हणून त्यांनी शेजारच्या बोटाला टोचून दुसरी पट्टी लावली. 161. मध्ये दोन मिनिटंही गेली नव्हती. वसंतबाब खुर्चीत मागे टेकले. एकाच माणसाचं रक्त, एकच मशीन आणि दोन आकडे! त्यांनी तडक फार्मसीवाल्याला फोन लावला.

"दोन्ही बरोबर आहेत, काका," तो म्हणाला.

"दोन्ही बरोबर कसे असतील? एक खोडायला नको?"

"काका, गिऱ्हाईक उभं आहे."

रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. त्यांनी दोन्ही आकडे लिहिले, शेऱ्यात 'खुलासा मागवावा' असं लिहिलं आणि तिसरी पट्टी काढली.

तिथून घरातलं वेळापत्रकच बदललं. पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की वसंतबाब दारात जायचे खरे, पण उंडो घ्यायचा तो एकट्या सुमनताईंसाठी. उकड्या तांदळाचं शीत ते वाटीने मोजून वाढून घेऊ लागले. हुमणातलं नारळाचं वाटण साखरेत धरायचं की नाही यावर एका दुपारी इतका वाद झाला की बांगडे गार झाले. रात्री तीनला उठून ते पडवीतला दिवा लावायचे. झोपेत साखर खाली गेली आणि कळलंच नाही तर? सुमनताई अंथरुणातून विचारायच्या, "किती?" ते सांगायचे, "एकशे चौतीस." "मग झोपा आता," असं म्हणून त्या कूस बदलायच्या. वसंतबाब मात्र एकशे चौतीस चांगला की वाईट याचा विचार करत पहाटेपर्यंत जागे. सकाळी आकडा चढलेला दिसला की काळजी आणखी वाढायची. पन्नास पट्ट्यांची डबी आठवडाभरही पुरेना. पेन्शनमधून हजार-हजार रुपये जात होते. त्याचा वेगळा हिशेब शेवटच्या पानावर होता.

बोटांची तर चाळण झाली होती. सुरुवातीला ते बोटाच्या ऐन पेरावरच टोचायचे. तिथे दुखतं, कडेला टोचावं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. देवपूजेला फुलं खुडताना झोंबायचं. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायचे.

मे महिन्यात पर्वरीहून मुलगा, सून आणि नात ईशा आली. घरात मानकुरादचा घमघमाट. वसंतबाबांनी त्या मोसमात एक फोडही तोंडात घातली नव्हती, पण नातीला आंबा कापून द्यायला आजोबाच हवेत. त्यांनी दोन आंबे सोलले, फोडी केल्या, बाठा ईशाला चोखायला दिला आणि पंचाला हात पुसून नेहमीच्या वेळेला मशीन घेऊन बसले.

286.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. अंगाला दरदरून घाम फुटला. "सुमन! नुसत्या वासाने चढली गं!" असं ओरडून ते चपला न घालताच अंगणात उतरले आणि तुळशीभोवती भराभर चालू लागले. मुलाने गाडीची किल्ली शोधायला सुरुवात केली. सून डॉक्टरांचा नंबर लावत होती. ईशा बाठा चोखत पायरीवर बसून आजोबांच्या फेऱ्या पाहत होती.

सुमनताईंनी त्यांचा दंड धरला, न्हाणीपाशी नेलं, साबणाने दोन्ही हात खसखसून धुतले आणि पदराने कोरडे केले. "आता बघा."

141.

"बोटाला आंब्याचा रस होता," त्या म्हणाल्या. "मशीनने आंब्याची साखर मोजली, तुमची नव्हे."

रजिस्टरातल्या 286 पुढे काय शेरा लिहावा हे वसंतबाबांना सुचेना.

दुसऱ्या दिवशी मुलगा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी रजिस्टर चाळलं. "अक्षर मात्र सुरेख," म्हणाले. मग तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट, म्हणजे एचबीएवनसी, पाहिला. 6.8. "उत्तम आहे की! हा आकडा मला हवा होता."

"पण डॉक्टर, 148 आणि 161?"

"घरच्या मशीनला शंभराच्या वर पंधरा टक्के इकडेतिकडे चालतं. तो एकच आकडा समजा."

वसंतबाबांचा चेहरा पडला. पंधरा टक्के! शेताच्या क्षेत्रफळात पंधरा टक्के इकडेतिकडे झाले असते तर गावात कोयते निघाले असते.

"आणि रात्री तीनला कशाला उठता? एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोक्याइतकी खाली जात नाही. झोपमोड आणि काळजी यांनी उलट ती वाढते. सोमवारी आणि गुरुवारी बघा, उपाशीपोटी, हात धुऊन. अंगात कसंसं झालं, घाम आला, थरथर वाटली, तर केव्हाही बघा. एरवी नको."

"हे लेखी मिळेल?"

डॉक्टर हसले, पण त्यांनी चिठ्ठीवर लिहून सही-शिक्का दिला. घरी आल्यावर वसंतबाबांनी चिठ्ठी फाईलला लावली आणि सुमनताईंनी मशीन कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचली.

शुक्रवारी दुपारी ते कपाटापाशी दोन-तीनदा घुटमळले.

"अंगात काही होतंय?" सुमनताईंनी विचारलं.

"तसं काही नाही. पण काल रात्री शीत जरा जास्त झालं होतं."

"मग अर्ज करा."

त्यांना वाटलं चेष्टा आहे. तरी अर्ध्या तासाने त्यांनी खरंच कागद पुढे केला. विषय: मशीन एक वेळ मिळणेबाबत. कारणं तीन, खाली सही, तारीख. सुमनताईंनी तो भाजी निवडता निवडता वाचला, ताटलीशेजारची पेन्सिल उचलली आणि कोपऱ्यात लिहिलं, 'आज शुक्रवार. नामंजूर.'

वसंतबाबांनी शेरा दोनदा वाचला. त्यात चूक काढायला जागा नव्हती.

"अपील कुणाकडे करायचं?"

"सुनेकडे. रविवारी फोन करते ती."

"रविवारी!" ते म्हणाले. "तोवर सोमवार आलाच की."

"तेच म्हणते मी," सुमनताई म्हणाल्या आणि निवडलेली तांबडी भाजी धुवायला त्यांच्या हातात दिली.