सॉर्टिंगच्या स्लाइड्स आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा

मंगळवारी O(n²) पडद्यावर आलं आणि वर्ग गप्प झाला. म्हणून हे टिपण. स्लाइड्स शेजारी उघडून वाचा.

स्लाइड ४, सिलेक्शन सॉर्ट. टेबलावर ६४ उत्तरपत्रिका, रोल नंबर विस्कटलेले. गठ्ठा चाळून सर्वांत लहान नंबर बाजूला काढायचा: ६३ तुलना. उरलेल्यात पुन्हा तेच: ६२. अशी शेवटपर्यंत बेरीज केली की २०१६. n पत्रिका असतील तर सूत्र n(n-1)/2.

आता दुसऱ्या तुकडीचा गठ्ठाही आला, १२८ झाल्या. तुलना ८१२८. गठ्ठा दुप्पट, काम जवळजवळ चौपट! O(n²) एवढंच सांगतं. किती सेकंद लागतील ते सांगत नाही. तुमचा लॅपटॉप नवा असला तरी चौपट ते चौपटच. म्हणून तो भागिले २ आपण सोडून देतो.

स्लाइड ५, इन्सर्शन सॉर्ट. रमीत पत्ते लावता तसं. नवा पत्ता उचलला, उजवीकडून सरकत गेलात, जागा दिसली की खोचला.

```python
for i in range(1, len(a)):
    x = a[i]
    j = i - 1
    while j >= 0 and a[j] > x:
        a[j+1] = a[j]
        j -= 1
    a[j+1] = x
```

मागच्या बाकावरून उत्तर आलं होतं, "दोन लूप, म्हणजे n²." थांबा. `while` ची अट वाचा. गठ्ठा आधीच लावलेला असेल तर ती पहिल्याच तपासणीला खोटी ठरते आणि काम n-1 तुलनांत आटोपतं. उलटा लावलेला असेल तर मात्र पुन्हा २०१६. लूप मोजू नका, लूप किती वेळा फिरतो ते मोजा. (सिलेक्शनला लावलेला गठ्ठा दिला तरी तो बिचारा २०१६ तुलना करतोच.)

स्लाइड ६, बबल सॉर्ट. पीटीच्या तासाला शेजारच्याशी उंची पाहून जागा बदलणं. परीक्षेत विचारतात, म्हणून आहे.

स्लाइड ७, मर्ज सॉर्ट. गठ्ठा निम्मा करत जा, हातात एकेक पत्रिका उरेपर्यंत. मग जोडायला लागा. दोन लावलेल्या गठ्ठ्यांचे फक्त वरचे नंबर बघायचे, लहान तो उचलायचा. खालचे बघायची गरजच नाही, ते मोठेच असणार. एका फेरीत प्रत्येक पत्रिका एकदाच हलते: ६४. फेऱ्या किती? ६४, ३२, १६, ८, ४, २, १: सहा वेळा निम्मं, म्हणून सहा. ६ × ६४ = ३८४. म्हणून मर्ज सॉर्ट O(n log n): log म्हणजे हीच निम्मं करण्याची संख्या, अकरावीची कोष्टकं आठवू नका. १२८ पत्रिकांना फेरी एकच वाढते: ७ × १२८ = ८९६. दुपटीहून जरासंच जास्त. बदल्यात टेबलावर दुसरा गठ्ठा रचायला मोकळी जागा हवी, आणि ती कॉम्प्युटरलाही लागते.

गुरुवारच्या प्रॅक्टिकलला वरच्या कोडमध्ये तुलना मोजणारा काउंटर घाला. लावलेली, उलटी आणि विस्कटलेली अशा तीन याद्या, n = 64 आणि 128. सहा आकडे वहीत लिहून आणा. विस्कटलेल्या यादीचा आकडा उलट्या यादीच्या साधारण निम्मा येईल. का, ते मी तोंडी विचारणार आहे.