क्लिनिक सॉफ्टवेअर: जुलै ते डिसेंबर मार्केटिंग आणि सेल्स प्लॅन

सगळ्यांनो, हा सहा महिन्यांचा प्लॅन. आकडे वाचून जिथे पटत नसेल तिथे सोमवारच्या मीटिंगआधी सांगा, कारण एकदा ठरलं की सप्टेंबरअखेरपर्यंत मी टार्गेट बदलणार नाहीये.

आत्ता कुठे आहोत आणि कुठे जायचंय

आज 40 डेंटल क्लिनिक पैसे भरून वापरतायत. वर्षाचे 15,000 रुपये, म्हणजे महिन्याला 1,250, त्यातले सर्व्हर, मेसेज आणि सपोर्ट वजा जाता साधारण 1,000 हातात राहतात. डिसेंबरअखेर 90 नवीन क्लिनिक हवेत आणि सोडून जाणारे 8 च्या आत ठेवायचे, म्हणजे 122. फक्त डेंटलच, एक ते तीन खुर्च्यांचं क्लिनिक जिथे रिसेप्शनिस्ट आहे पण अपॉइंटमेंट अजून वहीत लिहिल्या जातात. फिजिओथेरपीवाले आणि मोठी हॉस्पिटलं विचारतात, त्यांना नम्रपणे पुढच्या वर्षी सांगू, कारण त्यांचा डेमोच वेगळा करावा लागतो आणि आपल्याकडे सेल्सला दोनच माणसं आहेत.

फनेल

उलटीकडून मोजलंय. 90 पेड हवेत, ट्रायलमधले 30% पेड झाले तर 300 ट्रायल लागतील. डेमो बघणाऱ्यांपैकी निम्मे ट्रायल घेतात, म्हणजे 600 डेमो. फोनवर तपासलेल्या लीडपैकी 60% डेमोला खरंच हजर राहिले पाहिजेत, म्हणजे अशा 1,000, आणि आलेल्यातल्या निम्म्याच कामाच्या असतात म्हणून एकूण 2,000 लीड.

यातला सगळ्यात कच्चा दुवा ट्रायल आहे आणि मला सगळ्यांचं लक्ष तिथेच हवंय. आज 14 दिवसांच्या ट्रायलमधले फक्त 18% पैसे भरतात. बाकी सगळं प्लॅनप्रमाणे झालं आणि हा आकडा 18 वरच राहिला तर 300 ट्रायलमधून 54 क्लिनिक मिळतील आणि एक क्लिनिक मिळवायचा खर्च 7,000 वरून जवळपास 11,000 वर जाईल, म्हणजे जाहिरातीत कितीही पैसे ओतले तरी ते खालून गळून जाणार. कारणही आपल्याला माहितीये: डेमो डॉक्टर बघतात, सॉफ्टवेअर रिसेप्शनिस्टने वापरायचं असतं आणि तिला कोणी काही शिकवलेलंच नसतं, मग ती वही आणि स्क्रीन दोन्हीकडे लिहिते आणि चौथ्या दिवशी स्क्रीन बंद करते. त्यामुळे जुलैपासून ट्रायल सुरू झाली की त्याच दिवशी सपोर्टचा फोन रिसेप्शनिस्टला जाणार, डॉक्टरांना नाही. त्यांची पेशंट यादी एक्सेलमध्ये मागवून आपणच भरून द्यायची आणि पहिल्या 3 दिवसांत त्यांच्या खऱ्या 20 अपॉइंटमेंट सिस्टिममध्ये आल्या की नाही हे रोज बघायचं. आल्या नसतील तर पाचव्या दिवशी परत फोन, दहाव्या दिवशी डॉक्टरांना रिपोर्ट: किती रिमाइंडर गेले, किती पेशंट रिमाइंडरनंतर आले.

डेमोला न येणं ही दुसरी गळती. डेमो दोन दिवसांच्या आतलाच द्यायचा, दुपारी क्लिनिक बंद असतं ती वेळ आधी विचारायची आणि आदल्या संध्याकाळी आठवण करायची. पुढच्या आठवड्यातला डेमो डॉक्टर विसरतातच.

चॅनल आणि बजेट

एकूण 7,00,000. त्यातले 70,000 राखीव, सप्टेंबरच्या रिव्ह्यूआधी त्याला हात लावायचा नाही. पगार यात धरलेले नाहीत, ते वेगळे.

| चॅनल | खर्च | लीड | पेड | एका क्लिनिकमागे |
|---|---|---|---|---|
| गूगल सर्च जाहिराती | 2,80,000 | 700 | 28 | 10,000 |
| रेफरल | 60,000 | 120 | 24 | 2,500 |
| डेंटल मटेरियल डीलर | 70,000 | 300 | 18 | 3,900 |
| कॉन्फरन्स स्टॉल (2) | 1,20,000 | 250 | 10 | 12,000 |
| व्हिडिओ, लेख | 55,000 | 630 | 10 | 5,500 |
| सीआरएम, मेसेजचा खर्च | 45,000 | – | – | – |

सर्च महाग आहे, 10 महिन्यांनी पैसे वसूल होतात, तरी ठेवलंय कारण तिथे आलेला माणूस आधीच सॉफ्टवेअर शोधत असतो आणि लीडचा वेग आपल्या हातात राहतो. एका लीडला 400 च्या आसपास जावं. सर्च टर्म्सचा रिपोर्ट दर आठवड्याला बघून "फ्री", "जॉब", "कोर्स" असे शब्द निगेटिव्हमध्ये टाकायचे. फॉर्ममध्ये `gclid` आणि `utm_source` दोन्ही सेव्ह झालेच पाहिजेत, पेड झालेली क्लिनिकं गूगल ॲड्समध्ये परत अपलोड करायची आहेत, नाहीतर गूगल फॉर्म भरणारी माणसं शोधत बसेल, पैसे भरणारी नाही.

रेफरलवर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. डॉक्टर डॉक्टरचंच ऐकतात. नवीन क्लिनिक पेड झालं की पाठवणाऱ्याला दोन महिने फ्री, म्हणजे आपला खर्च 2,500. मागायची वेळ मात्र नेमकी हवी: पहिल्या महिन्याचा रिपोर्ट बघून डॉक्टर खूश असतात तेव्हा, रिन्युअलच्या फोनवर नाही.

डीलरचा माणूस ठरलेल्या दिवशी क्लिनिकमध्ये जातोच, त्याला 3,000 कमिशन, पण क्लिनिकने पैसे भरल्यावरच. उरलेले 16,000 पत्रकं आणि ट्रेनिंगला. त्याने फक्त नंबर आणायचा, डेमो आपणच द्यायचा, नाहीतर वाट्टेल ती आश्वासनं दिली जातात. कॉन्फरन्सचा आकडा दिसायला वाईट आहे, पण डीलर भेटतात तिथेच, म्हणून दोन करू, तिसरी नाही. व्हॉट्सॅपवर फक्त ज्यांनी परवानगी दिलीये त्यांनाच मेसेज, विकत घेतलेल्या नंबरांच्या याद्या अजिबात नकोत, नंबर ब्लॉक झाला तर पेशंटचे रिमाइंडरही थांबतील.

महिन्याचे टप्पे

| महिना | जाहिरात | लीड | डेमो | नवीन पेड |
|---|---|---|---|---|
| जुलै | 20,000 | 150 | 40 | 5 |
| ऑगस्ट | 40,000 | 250 | 75 | 9 |
| सप्टेंबर | 50,000 | 350 | 100 | 13 |
| ऑक्टोबर | 60,000 | 400 | 120 | 18 |
| नोव्हेंबर | 60,000 | 450 | 140 | 21 |
| डिसेंबर | 50,000 | 400 | 125 | 24 |

जुलैचे 5 बहुतेक आत्ता चालू असलेल्या ट्रायलमधलेच असतील. जुलै मुळात तयारीचा महिना आहे: सीआरएममध्ये सगळे टप्पे, ट्रायलचं नवीन वेळापत्रक, जुन्या 40 जणांना रेफरलसाठी फोन. ऑगस्टमध्ये पहिले 5 डीलर आणि पहिली कॉन्फरन्स, ऑक्टोबरमध्ये दुसरी. नोव्हेंबरला 140 डेमो म्हणजे दोघांना रोज प्रत्येकी तीनच्या आसपास, त्याच्या वर नेऊ नये, फॉलोअप मरतो.

सप्टेंबरअखेर ट्रायलचा आकडा 24% च्या खाली असेल तर ऑक्टोबरची जाहिरात 60,000 ऐवजी 30,000 करायची आणि राखीव पैशातून ऑनबोर्डिंगला अर्धवेळ माणूस घ्यायचा. 24 च्या वर असेल तर राखीव पैसे त्या वेळी ज्या चॅनलचा एका क्लिनिकमागचा खर्च सगळ्यात कमी असेल तिथे घालायचे. कुठल्याही कीवर्डच्या एका लीडचा खर्च सलग दोन आठवडे 550 च्या वर गेला तर तो कीवर्ड बंद, विचारत बसू नका.

दर सोमवारी अर्धा तास, फक्त चार आकडे: नवीन लीड, झालेले डेमो, तिसऱ्या दिवशी 20 अपॉइंटमेंट असलेल्या ट्रायल आणि पेड. सेल्सने ते शनिवारी संध्याकाळपर्यंत सीआरएममध्ये भरलेले हवेत, रिसेप्शनिस्टच्या फोनची यादी सपोर्टने बुधवारपर्यंत मला पाठवा.