बाबांना पत्र: लॅपटॉप इथून दुरुस्त करण्याबद्दल

श्टुटगार्ट, १४ सप्टेंबर

ती. बाबांना सा. न.

सोसायटीच्या हिशेबाची एक्सेल फाइल उघडत नाही आणि प्रिंटरही रुसलाय, असं आई म्हणाली. फोनवरून "आता डावीकडे बघा" करत बसण्यापेक्षा मी इथूनच तुमचा लॅपटॉप बघते. त्यासाठी एनीडेस्क लागेल. एवढं तुम्ही रविवारच्या आत करून ठेवा.

गूगलमध्ये शोधू नका. तिथे वर जाहिराती येतात आणि त्यांत खोटी पानंही असतात. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत स्वतः anydesk.com टाइप करा आणि तिथून उतरवून घ्या. फाइल चालवून Install म्हटलं की स्क्रीन काळपट होऊन विंडोज परवानगी विचारेल. तिथे AnyDesk Software GmbH हे नाव दिसलं तरच Yes दाबा. मग खिडकीत मोठ्या आकड्यांत तुमचा नंबर येईल. तो मला फोनवर वाचून दाखवा.

आता खरं महत्त्वाचं. मी जोडणी मागितली की एक चौकट येईल, तिच्यात Accept आणि Dismiss अशी बटणं असतील. चौकटीतल्या नावावर अजिबात जाऊ नका, कुणीही स्वतःचं नाव 'मुग्धा' ठेवू शकतं. नंबर बघा. माझा नंबर मी आईला सांगितलाय, तिने तो कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलाय. नंबर जुळला आणि त्याच वेळी फोनवर माझा आवाज येत असला, तरच Accept. एक जरी गोष्ट नसली तर Dismiss, मग मला राग येईल असा विचारही मनात आणू नका.

बँकेतून, वीज मंडळातून किंवा केवायसीसाठी म्हणून कुणी हे अॅप टाकायला सांगितलं, तर फोन ठेवून द्या. याच अॅपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सावध केलं होतं. अॅपमध्ये खोट नाही, पण Accept दाबलं की समोरच्याला तुमची स्क्रीन दिसते आणि माउसही त्याच्या हातात जातो. चुकून दाबलं गेलंच, तर आधी वाय-फाय बंद करा, मग बँकेला आणि १९३० ला फोन करा. मला नंतर केलात तरी चालेल.

मी जोडलेली असतानाही बँकेचं पान उघडू नका आणि ओटीपी मलासुद्धा सांगू नका. काम झालं की Disconnect तुम्हीच दाबा. एनीडेस्कची खिडकी उघडी असतानाच जोडणी मागता यावी, अशी सेटिंग मी पहिल्याच वेळी करून देईन. पासवर्ड ठेवून विनापरवानगी आत येण्याची सोयही त्यात आहे, पण ती आपल्याला नको. लॅपटॉप तुमचा आहे, दर वेळी तुम्हीच हो म्हणायचं.

रविवारी तुमच्या दुपारी दीडला फोन करते. चार्जर लावून ठेवा, प्रिंटर चालू ठेवा आणि त्यात कागद आहेत का तेवढं बघा.

तुमची
मुग्धा