बारा फोटोंचा रोल

गणपतीचं मखर काढायला निनाद माळ्यावर चढला आणि पत्र्याच्या ट्रंकेत त्याला आजोबांचा कॅमेरा सापडला. आग्फा क्लिक थ्री. पाठीमागे लाल काचेची इवलीशी खिडकी होती आणि तिच्यात बाराचा आकडा दिसत होता.

तो कॅमेरा घेऊन निनाद रावपुऱ्यातल्या जुन्या स्टुडिओत गेला. तिथले काका हल्ली पासपोर्ट फोटोच काढतात. निनादने झाकणाला हात लावलेला पाहताच ते ओरडले, "खोलतो नहीं, दीकरा! आत रोल आहे." मग कॅमेरा हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट बघत राहिले. "हा आपल्या बडोद्यातच बनायचा, ठाऊक आहे?"

काकांची डार्करूम म्हणजे जिन्याखालची खोली. इतका गडद अंधार निनादने कधी अनुभवला नव्हता. लाल दिवासुद्धा लावायचा नाही, असं काका म्हणाले होते. अंधारात फक्त कागद सुटण्याचा आवाज आला आणि काकांचं पुटपुटणं, "चिकटलंय... हळू, हळू..." पंचेचाळीस वर्षं उन्हाळे-पावसाळे खाल्लेली फिल्म. काहीच आलं नाही तर रडायचं नाही, असंही त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. हायपोतून काढलेली ओली पट्टी त्यांनी बल्बसमोर धरली, तेव्हा निनादला आधी नुसता काळपट धूर दिसला. मग त्या धुरातून एक मनोरा वर आला. पांढऱ्या आकाशाऐवजी काळं आकाश आणि काळ्या सावल्यांच्या जागी पांढऱ्या.

बारापैकी सात आले. काकांनी फिल्मच्याच मापाचे चौकोनी ठसे काढून दिले आणि पैसे घेतले नाहीत.

आजी ओसरीवर गवार मोडत बसली होती. तिने हात पदराला पुसले आणि पंचांग वाचायचं भिंग मागवलं.

"हे सूरसागर. बघ, तळ्यात महादेव नाहीत अजून. नुसतं पाणी." पुढचा फोटो. "न्यायमंदिरापुढचे टांगे. घोड्यांच्या लिदीचा काय वास यायचा तिथे!" मांडवीच्या कमानीखाली कल्हईवाला भाता मारत होता. खंडेराव मार्केटच्या पायरीवर एक बाई कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होती आणि पाण्याचे थेंब हवेतच थांबले होते. कुणीही कॅमेऱ्याकडे बघत नव्हतं.

निनादला आजोबा आठवतात ते झोपाळ्यावर बसलेले. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचे. कोठीतल्या कचेरीत आयुष्यभर आवक-जावकाच्या नोंदी केलेला हा माणूस कोथिंबीरवालीसमोर थांबला असेल, हे त्याला खरंच वाटेना.

"आजी, हे सगळे भरदुपारी काढलेत," तो म्हणाला. "सावल्या बघ, पायांतच आहेत. आणि हा टॉवर. एक वाजून वीस मिनिटं."

"दुपारी कसे असतील? दुपारी कचेरी असायची."

"आणि ही सायकल कुणाची? प्रत्येक फोटोत आहे."

होती खरी. कडेला, कधी अर्धी, कधी नुसतं पुढचं चाक. सायकल स्टँडला लावून आजोबा चार पावलं मागे सरकत असावेत. टॉवरच्या फोटोत ती पूर्ण आली होती. हँडलला एक पिशवी लटकत होती, चौकटीच्या कापडाची, खाली गोल फुगलेली.

आजीने भिंग जवळ नेलं, मग लांब धरलं, मग पुन्हा जवळ.

"माझ्या जुन्या लुगड्याची पिशवी आहे ही," ती म्हणाली. "डब्याची."

बराच वेळ ती काही बोलली नाही. ओसरीपुढून एक रिक्षा गेली.

"रोज डबा अर्धा परत यायचा रे. किती बोलले मी त्यांना! म्हटलं, माझ्या हातचं गोड लागत नसेल तर सांगा, नाही करणार. एकदा तर आठ दिवस डबाच दिला नाही. तेव्हाही गप्प. 'वेळ नाही मिळत गं,' एवढंच म्हणायचे. मला वाटायचं, साहेब छळतो."

तिने सातही ठसे मांडीवर एकाखाली एक लावले. प्रत्येकावर भिंग धरून ती फक्त पिशवी शोधत होती. चारांत सापडली.

"निनाद, हा टॉवरचा मोठा करून मिळेल का?"

"काका करतील. केवढा?"

"पिशवी दिसेल एवढा."

मग ती उठली. मोडलेली गवार तशीच ओसरीवर राहिली. आतून फळीवरची भांडी सरकवल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने ती पितळी डबा घेऊन बाहेर आली. तीन पुडांचा, कडी वाकडी झालेला. पदराने पुसून तिने तो फोटोंशेजारी ठेवला.

"उद्या शाळेत जाताना हा ने," ती म्हणाली. "आणि कॅमेराही ने. अर्धा परत आला तरी चालेल."