विषय: खानापूर भागातल्या मराठीतले ‘म्हणून’ आणि ‘की’ : पीएच.डी. मार्गदर्शनाबाबत विचारणा

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. मी स्नेहल पाटील. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून भाषाशास्त्रात एम.ए. केलं आणि सध्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवते. कन्नड आणि मराठीच्या संपर्कावर आपण मराठीतही लिहिता, म्हणून मराठीतच लिहिते आहे.

गौण वाक्यांवरच्या आपल्या लेखात शेवटी आपण विचारलं आहे, की शाळेच्या माध्यमाचा या रचनांवर काही परिणाम होतो का? माझं काम नेमकं तिथून सुरू होतं.

आमच्याकडे जुनी माणसं ‘पाऊस येतोय म्हणून सांगितलं’ असं बोलतात. शेजारचं कन्नड घरही त्याच क्रमानं ‘मळी बरतैती अंत हेळिदा’ म्हणतं. मराठी शाळेत शिकलेली मुलं मात्र ‘सांगितलं की पाऊस येतोय’ असं म्हणताना जास्त ऐकू येतात. त्याच घरातलं कन्नड माध्यमात गेलेलं भावंड पुन्हा ‘म्हणून’कडेच असतं. हे खरं ठरलं, तर ‘म्हणून’ वाढतंय असं म्हणण्यापेक्षा शाळेतली प्रमाण मराठी ‘की’ घेऊन येतेय, असं म्हणावं लागेल. अजून मोजणी केलेली नाही, त्यामुळे ही फक्त शंका समजावी.

गम्पर्झ आणि विल्सन यांचा 1971चा कुपवाडचा अभ्यास माझ्यासमोर आहे. पण त्यात भर एकाच गावात नांदणाऱ्या भाषांवर आहे. मला एकाच घरातली, वेगवेगळ्या माध्यमांत शिकलेली भावंडं शेजारी ठेवून पाहायची आहेत. सीमाप्रश्नावर इतकं लिहिलं गेलं, पण या घरांत लोक रोज बोलतात कसे, याची नोंद फार थोडी आहे. आजी-आजोबांची पिढी आहे तोवर ती व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

माझ्याकडे सुमारे बारा तासांचं ध्वनिमुद्रण आहे. बोलणाऱ्यांची, आणि मुलांच्या बाबतीत पालकांची, लेखी संमती घेतली आहे. कन्नड मला घरच्यासारखी येते. संख्याशास्त्रीय विश्लेषणात मात्र मी कच्ची आहे, आणि आपल्या विभागात मला सर्वात आधी तेच शिकायचं आहे.

डीएएडीच्या शिष्यवृत्तीसाठी मी स्वतः अर्ज करणार आहे. त्याला मार्गदर्शकांचं संमतीपत्र लागतं, पण ते मी आत्ताच मागत नाही. या विषयावर मार्गदर्शन करण्याचा विचार आपण करू शकाल का, आणि तसं असेल तर वीस मिनिटं व्हिडिओ कॉलवर बोलता येईल का, एवढंच विचारायचं आहे. शाळा सुटल्यावर, म्हणजे आपल्याकडच्या दुपारी, मी कोणत्याही दिवशी मोकळी असते. सध्या नवे विद्यार्थी घेत नसाल, तर तसं एका ओळीत कळवलंत तरी चालेल.

सोबत एक पानी आराखडा आणि लिप्यंतरासह तीन मिनिटांचा ध्वनिनमुना जोडला आहे.

आपली नम्र,
स्नेहल पाटील
खानापूर, जि. बेळगाव