काळं शीड

थळ. शके १६०१, अश्विन वद्य द्वादशी.

धाकू तांडेल उंबऱ्याबाहेरूनच बोलला. "राघोबा, शीड आज रात्री पाहिजे."

"आज? परवाचं ठरलं होतं."

"परवापर्यंत बेटावर भाताचं शीत राहायचं नाही."

राघो साळ्याचं उजवं मनगट सुजून टम्म झालं होतं, म्हणून मागाच्या खड्ड्यात त्याची मुलगी बसली होती. येसूनं मान वर केली नाही. धोटा या हातानं फेकायचा आणि त्या हातानं झेलायचा, त्यामुळे कापडाचा पन्हा दीड हाताच्या वर जात नसे. मोठं शीड म्हणजे असे पट्टे दाभणानं, दुहेरी टाक्यानं एकमेकांना जोडत जायचं. दहा पट्टे जोडून झाले होते. अकरावा अजून मागावर होता, दोन हात उरलेला.

"आकडा किती?" तिनं विचारलं.

"कसला?"

"माणसांचा. मचव्यात."

"सहा. आणि तांदूळ, चुना, बंदुकीच्या दारूची मडकी." धाकू आत आला. "चार दिवसांमागची लढाई तुम्हांला ठाऊकच आहे. इंग्रजांचं एक गलबत हाती लागलं खरं, पण दौलतखानाचं आरमार आता नागोठण्याच्या खाडीत अडकलंय. खांदेरीवर मायनाक भंडारी तट चढवतोय आणि त्याला पोसायचं आम्ही, थळच्या होड्यांनी, रात्री."

खांदेरीवर येसूचा भाऊ भिकूही होता. चुन्याच्या घाण्यावर. ते धाकूला माहीत होतं, म्हणून त्यानं ते काढलं नाही. भला माणूस.

उरलेले दोन हात तिनं दिवस कलायच्या आत विणले. पट्टा उतरवून शीड अंगणात पसरलं तेव्हा ते नव्या कापडासारखंच, पांढरंफटक होतं.

"हे चांदण्याशिवायही दिसेल," ती म्हणाली.

"चंद्र पहाटे उगवतो. त्याआधी आम्ही पोचू."

"चांदण्या आहेत ना? संत्याचा मचवा कशानं धरला?"

धाकू गप्प राहिला. संत्याचं शीडही नवं होतं.

कोळीवाड्यात जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळतात, म्हणजे सूत कुजत नाही. काढ्याचा हंडा चुलाणावर तयारच होता. पण ऐनानं कापड फक्त तांबूस होतं. येसूनं आईकडून आणखी एक गोष्ट घेतली होती: त्याच काढ्यात गंजक्या लोखंडाचं पाणी पडलं की रंग काळा धरतो. लोहाराच्या दारातली खिळ्यांची गंजकी मडकी तिनं न विचारताच उचलली. लोहार नंतर भांडला असता, पण तो बेटावर होता.

अडचण खळीची होती. ताण्याला भाताची खळ लावलेली असते आणि खळ धुतल्याशिवाय रंग आत शिरत नाही. धुवायला एक प्रहर लागतो. तेवढा वेळ कुणाकडे होता? येसूनं शीड समुद्राच्या पाण्यात लोटलं आणि कोळणींना हाक मारली. वसुबारस होती, गोठ्यातली गाय-वासरं ओवाळायची होती. शिवाय किनाऱ्यावर दिवा लावायची मनाई. तरी आठ-दहा जणी कासोटे मारून उतरल्या आणि अंधारात शिडावर नाचल्या. खळ सुटली, पाणी दुधाळ झालं. मग काढ्यात, मग खिळ्यांच्या पाण्यात.

भरती पुरी झाली तेव्हा शीड काळं होतं, ओलं होतं आणि चार माणसांनाही उचलत नव्हतं. अकरावा पट्टा निम्माच शिवलेला.

"वाटेत शिवते," म्हणत येसू मचव्यात चढली.

"बाय, खाली उतर," धाकू म्हणाला. "होडीत बाईमाणूस..."

"दाभण तुमच्यातल्या कुणाला चालवता येतं?"

कुणी बोललं नाही. राघोनं दुखऱ्या हातानंच मचवा ढकलला.

ओहोटी लागली, मतलई वाराही सुटला. जमिनीवरचा तो कोरडा वारा शिडात भरला आणि मचवा चाचपडत न जाता सरळ निघाला. येसू डोलकाठीच्या बुंध्याशी पाय रोवून शिवत होती. शीड भरलेलं असताना शिवणं म्हणजे पळत्या बैलाला वेसण घालणं. टाका ओढावा तोवर कापड हातातून निसटे. उत्तरेला इंग्रजांच्या जहाजांचे दिवे, पुढं खांदेरीचा काळा ढीग. मध्ये गस्तीची होडी कुठं असेल ते कळायला मार्ग नव्हता.

मग ते कळलं. पाण्यावर वल्ह्यांचा आवाज, एक कंदील, परक्या भाषेतली हाक.

"शीड उतरवा," धाकू कुजबुजला. "वल्ही आत."

शिडाचं आडवं लाकूड, परबाण, खाली येताना करकरलं. कंदील थांबला, वळला. बंदुकीचा एक बार झाला. गोळी कुठं गेली कुणास ठाऊक. येसूनं शिडाचं टोक धरलं.

"अंगावर घ्या! सगळ्यांनी!"

सहा माणसं, ती, पोती आणि मडकी, सगळं त्या ओल्या काळ्या कापडाखाली गेलं. पोटात ऐनाचा तुरट वास शिरला. एका पोराला खोकला आला. धाकूनं त्याच्या तोंडावर पंजा दाबला. कंदिलाचा उजेड कापडाच्या विणीतून झिरपत पुढं सरकला. इतक्या जवळून, की येसूला आपला टाका दिसला. तिरका पडला होता. दिवसा तिनं उसवून पुन्हा घातला असता.

वल्ही लांब गेली.

पण ओहोटी दक्षिणेला ओढत होती. कापड बाजूला केलं तेव्हा खांदेरी उजव्या हाताला मागं पडू लागलेली.

"चढवा," धाकू म्हणाला. "लवकर."

"कंदील दिसतोय अजून," सुकाणूवरचा म्हणाला.

"दिसू दे. बेट चुकलं तर सकाळी उघड्यावर सापडू."

परबाण वर गेलं. वाऱ्याचा पहिलाच झोत आला आणि अकराव्या पट्ट्याची न शिवलेली बाजू फटाफट उसवत वर निघाली. येसू परबाणाला लोंबकळली. दोऱ्याला वेळ नव्हता. तिनं लुगड्याचा पदर दातानं फाडला, त्याची चिंधी फाटीच्या दोन्ही काठांतून ओवली, गाठ मारली, पुन्हा ओवली. साळ्याची गाठ ओली झाली की आवळते. फाट तिथंच थांबली. मागं दुसरा बार झाला, तिसराही झाला, पण मचवा आता किनाऱ्याच्या खडकांत शिरला होता आणि खोल बुडाचं काही तिथं येणार नव्हतं.

"कोण?" वरून हाक आली.

"थळ! तांदूळ!"

पोती उतरवायला आलेल्यांत भिकू होता. चुन्यानं भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या. त्यानं बहिणीकडं पाहिलं, फाटक्या पदराकडं पाहिलं आणि पोतं खाली टाकलं.

"आबांना ठाऊक आहे?"

"त्यांनीच ढकललं. पोतं उचल, तांदूळ भिजतोय."

मशालीशिवाय एक धिप्पाड माणूस खडकांवरून उतरत आला. त्यानं शीड चिमटीत धरलं, चोळलं, बोटं हुंगली.

"ऐन," तो म्हणाला. "आणि लोखंड. कुणी केलं?"

धाकूनं येसूकडं बोट दाखवलं. भंडारी जरा वेळ तिच्याकडं पाहत राहिला. वर तटावर दगड घडवल्याचे ठोके चालूच होते.

"अशी चार हवीत. दर्शवेळेच्या आत."

"अमावास्या तीन दिवसांवर आलीये," येसू म्हणाली. "विणणं होणार नाही. तुमची जुनी शिडं काढून द्या, ती रंगवते. सालीचे दोन भारे लागतील, गंजकं लोखंड लागेल, आणि खळ धुवायला बायका लागतील, त्यांना तांदूळ द्या."

"देतो."

"आणि या शिडाच्या मजुरीच्या तीन लाऱ्या आबांच्या राहिल्यात. तेवढ्या आत्ता."